दुसऱ्या ओळीची साक्ष

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या सरावपत्रिकेत हे गणित हटकून असतं: दोन ओळी, दोन स्तंभ आणि चार आकड्यांची एक मॅट्रिक्स, तिच्या आयगेनव्हॅल्यू आणि आयगेनव्हेक्टर काढा, ताळा करून दाखवा. ताळा बहुतेक जण सोडून देतात. जे करतात, त्यांतलेही पुष्कळ जण अर्धाच करतात.

वरच्या ओळीत ४ आणि १, खालच्या ओळीत २ आणि ३, अशी मॅट्रिक्स A घेऊ. तिला आकड्यांची एक जोडी दिली की ती नवी जोडी देते. (१, ०) दिली तर (४, २) मिळते, म्हणजे दिशाच बदलली. पण (१, १) दिली तर वर ४ + १ = ५, खाली २ + ३ = ५. दिशा तीच राहिली, लांबी फक्त पाचपट झाली. अशी दिशा न सोडणारी जोडी म्हणजे आयगेनव्हेक्टर v, आणि तो ५ म्हणजे आयगेनव्हॅल्यू λ. हेच Av = λv या समीकरणात लिहिलेलं असतं.

λ शोधायला कर्णावरच्या आकड्यांची बेरीज ७ आणि निश्चयक १२ − २ = १० पुरतात: λ² − ७λ + १० = ०. उत्तरं ५ आणि २. इथेच घाईत कंस (λ − ५)(λ − २) असे पाडून कुणी उत्तरं −५ आणि −२ लिहितो. ही चूक नेहमीची. आता तो −५ घेऊन पुढे जातो. वरची ओळ सांगते ४x + y = −५x, म्हणजे y = −९x; व्हेक्टर (१, −९). ताळ्याला वरची ओळ: ४ − ९ = −५. बरोबर! गडी खूश.

जुळणारच होतं. ज्या ओळीतून व्हेक्टर काढला, ती ओळ त्याच्याच बाजूने बोलणार. खालची ओळ विचारा: २ − २७ = −२५, आणि हवं होतं −५ × −९ = ४५. खरा ताळा हा. λ बरोबर असेल तर दोन्ही ओळी एकच समीकरण देतात. २ साठी वरची ओळ २x + y = ० देते आणि खालचीही तेच. म्हणून (१, −२) घेतल्यावर वर २ येतात, खाली २ − ६ = −४, म्हणजे नेमकी दुप्पट.

उत्तरपत्रिकेत (१, −२) आणि तुमच्या वहीत (−३, ६) असेल, तर खोडू नका; दिशेची रेषा तीच आहे. मात्र दोन्ही आयगेनव्हॅल्यू सापडल्या की नाही, हे या ताळ्यातून कळत नाही. त्यासाठी बेरीज ७ आणि गुणाकार १० होतो का ते पाहावं. आणि (०, ०) हे उत्तर आलं तर ताळ्यावर अजिबात विसंबू नये. ते कुठल्याही λ ला जुळतं, म्हणूनच व्याख्येने त्याला आधीच वगळलं आहे.