दिवसभराचं कॉर्टिसॉल एका गोळीत

मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन अ‍ॅड्रिनल ग्रंथी निकामी झाल्या, की शरीराला कॉर्टिसॉल बाहेरून द्यावं लागतं, आणि तेही जन्मभर. थॉमस अ‍ॅडिसन यांनी 1855 मध्ये या आजाराचं वर्णन केलं, तेव्हा क्षय हे त्याचं मोठं कारण होतं. आपल्याकडे ते कारण आजही संपलेलं नाही.

समजा, चाळिशीतल्या एका बाईंना हा आजार आहे. त्या हायड्रोकॉर्टिसोनची गोळी सकाळी उठल्यावर 10 मिलिग्रॅम, दुपारी बारा वाजता 5 आणि चारच्या सुमाराला आणखी 5 मिलिग्रॅम घेतात. डोस योग्य आहे, पण अडचण औषधाच्या वेगात आहे. रक्तातलं हायड्रोकॉर्टिसोन साधारण दीड तासात निम्मं होतं. त्यामुळे गोळी घेतल्यावर पातळी एकदम चढते आणि पुढच्या गोळीआधीच पार खाली येते. निरोगी शरीरात कॉर्टिसॉल पहाटे तीन-चारपासून वाढू लागतं, जाग येण्याच्या सुमाराला शिखर गाठतं आणि मग दिवसभर हळूहळू उतरतं. बाईंना अकराच्या सुमाराला गळून गेल्यासारखं होतं, ते याच चढउतारामुळे असू शकतं. दुपारची गोळी विसरली तर मग विचारायलाच नको.

यावर उपाय म्हणून दुहेरी स्रावाची गोळी आली. तिच्या बाहेरच्या थरातलं औषध लगेच विरघळतं आणि आतल्या गाभ्यातलं तासन्‌तास झिरपत राहतं. सकाळी उपाशीपोटी एकदाच, न चावता, न मोडता ती गिळायची. युरोपात तिला 2011 मध्ये मान्यता मिळाली.

2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 64 रुग्णांना बारा आठवडे जुन्या पद्धतीने आणि बारा आठवडे नव्या गोळीवर ठेवलं होतं. नव्या गोळीवर वजन सरासरी 0.7 किलोने आणि वरचा रक्तदाब साडेपाच अंकांनी कमी भरला. ज्यांना मधुमेहही होता, त्यांच्या साखरेत सुधारणा अधिक दिसली. मात्र मिलिग्रॅम तेवढेच असूनही नव्या गोळीतून रक्तात पोचलेलं एकूण कॉर्टिसॉल सुमारे 20 टक्के कमी होतं. मग फायदा लयीचा, की कमी पडलेल्या डोसाचा? माझ्या मते हा प्रश्न अजून सुटलेला नाही. जुन्याच गोळ्यांचा डोस काळजीपूर्वक थोडा कमी केला असता, तरी वजन उतरलं असतं कदाचित.

इटलीत 89 रुग्णांवर झालेला 2018 चा अभ्यास याहून भक्कम वाटतो. चोवीस आठवड्यांनंतर दोन गटांच्या वजनात सरासरी 4 किलोचा फरक पडला होता, रोगप्रतिकारक पेशींचं चित्र निरोगी माणसांच्या जवळ आलं होतं आणि संसर्गही कमी झाले होते. पण तपासणाऱ्यांना माहीत नसलं, तरी रुग्णांना आपण कोणती गोळी घेतोय हे ठाऊक होतं. त्यामुळे ‘बरं वाटतं’ या उत्तराकडे जरा सावधपणे पाहावं लागतं. शिवाय पहाटेची वाढ ही गोळीही देत नाही. जुलाब होत असतील तर गाभ्यातलं औषध शोषलं जाण्याआधीच पुढे सरकतं.

दुसरी गोष्ट डीएचईएची. हे संप्रेरकही याच ग्रंथी बनवतात आणि स्त्रीच्या शरीरातल्या पुरुषी संप्रेरकांचा मोठा हिस्सा त्यातून तयार होतो. पुरुषांना वृषणांचा आधार असतो, बायकांना तसा नसतो. 1999 मध्ये 24 स्त्रियांवरच्या जर्मन अभ्यासात रोज 50 मिलिग्रॅम डीएचईएने मनःस्थिती आणि कामेच्छा दोन्ही सुधारल्या, आणि आशा खूप वाढली. पुढे नॉर्वेत 39 स्त्रियांना नऊ महिने 25 मिलिग्रॅम दिलं, तेव्हा मात्र तसा फायदा दिसला नाही. 2008 मध्ये शंभराहून अधिक रुग्णांवरच्या वर्षभराच्या अभ्यासात मांडीच्या हाडाच्या मानेची झीज थांबली आणि स्नायू थोडे वाढले, पण थकवा हटला नाही. दहा चाचण्या एकत्र तपासल्यावर उरला तो जीवनमान आणि नैराश्यातला छोटासा फायदा. सर्वांना सरसकट द्यावं, असं त्यातून निघत नाही.

म्हणून 2016 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये त्याला मर्यादित जागा आहे. आपल्या बाईंचे बाकीचे डोस नीट बसवूनही उदासी, निरुत्साह आणि कामेच्छेचा अभाव राहिलाच, तर 25 ते 50 मिलिग्रॅम सहा महिने देऊन पाहावं आणि फरक नसेल तर बंद करावं. सकाळची गोळी घेण्याआधी रक्तात डीएचईए-सल्फेट तपासायचं. चेहरा तेलकट होणं, मुरुमं, हनुवटीवर केस, या खुणा डोस जास्त होत असल्याच्या आहेत. अमेरिकेत ते पूरक आहार म्हणून दुकानात मिळतं, त्यामुळे डबीवरच्या आकड्याएवढंच औषध आत असेल याची खात्री नसते.

बाईंनी नवी गोळी घेतली, तरी तापाच्या दिवसाचा नियम सुटत नाही. डॉक्टरांनी ठरवून दिल्याप्रमाणे डोस वाढवायचाच. गोळी उलटून पडत असेल, तर हायड्रोकॉर्टिसोनचं 100 मिलिग्रॅमचं इंजेक्शन ताबडतोब लागतं आणि त्यासाठी घरच्यांपैकी कुणीतरी ते टोचायला शिकलेलं हवं.