खाली गाड्या, वर घरे

२६ जानेवारी २००१ रोजी सकाळी पावणेनऊच्या सुमारास कच्छमध्ये ७.७ तीव्रतेचा भूकंप झाला. भुज आणि भचाऊ उद्ध्वस्त झाले, ती गावे केंद्राजवळचीच होती. कोड्यात टाकले ते अहमदाबादने. केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या या शहरात सिमेंट-काँक्रीटच्या बहुमजली इमारती कोसळल्या आणि शेकडो माणसे दगावली. साबरमतीकाठच्या गाळाच्या जमिनीने हादरा वाढवला, हे खरे. पण त्याच जमिनीवरच्या शेजारच्या इमारती उभ्या होत्या. पडलेल्यांपैकी बहुतेकींच्या तळमजल्यावर भिंतीच नव्हत्या. तिथे पार्किंग होते.

पुण्या-मुंबईच्या वाचकाला हे चित्र नवे नाही. आपण ज्याला स्टिल्ट म्हणतो, तेच हे. भूकंपाच्या नकाशातही अहमदाबाद, मुंबई आणि पुणे ही तिन्ही शहरे झोन तीनमध्येच मोडत होती.

यात बिघडते काय? वरच्या मजल्यांवर कॉलम-बीमच्या चौकटींत विटांच्या भिंती भरलेल्या असतात. इंजिनिअर आकडेमोडीत अनेकदा त्यांचे फक्त वजन धरतो. प्रत्यक्षात मात्र त्या चौकटीला तिरक्या टेकूसारखा आधार देतात आणि मजल्याचा ताठरपणा कित्येक पटींनी वाढवतात. खाली हा आधार नाही. त्यात खालच्या मजल्याची उंची जास्त असली, तर आणखी भर पडते, कारण कॉलमचा ताठरपणा उंचीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. तीन मीटरचा कॉलम ४.२ मीटरचा केला, तर ताठरपणा जेमतेम ३६ टक्के उरतो. दुकानांसाठी उंच तळमजला मागणाऱ्या मालकाला हा हिशेब सहसा कोणी सांगत नाही.

आता पाच मजली इमारत घ्या. समजा, हादऱ्यात तिचा माथा सहा सेंटिमीटर सरकला. सगळे मजले सारखे असते, तर प्रत्येकाच्या वाट्याला सव्वा सेंटिमीटरच्या आसपास आले असते. स्टिल्टच्या इमारतीत वरचे चार मजले एकसंध ठोकळ्यासारखे हलतात आणि जवळजवळ सगळे सहा सेंटिमीटर खालच्या कॉलमना सोसावे लागतात. कॉलमच्या वरच्या-खालच्या टोकांशी काँक्रीट फुटते. तिथल्या रिंगा विरळ असतील किंवा त्यांची टोके आत नीट वळवलेली नसतील, तर उभ्या सळया बाहेर वाकतात. मग वरचा ठोकळा बराचसा अखंड राहून खाली बसतो. अहमदाबादेत हे पाहायला मिळाले.

याचाच दुसरा पैलू सममितीचा. आपल्याकडे जिना आणि लिफ्ट बहुतेक वेळा इमारतीच्या एका टोकाला असतात. लिफ्टच्या काँक्रीटच्या भिंती त्या बाजूला घट्ट धरून ठेवतात, दुसरी बाजू मोकळी झुलते, म्हणजे इमारत पिळली जाते. सर्वांत जास्त मार बसतो लिफ्टपासून दूरच्या कोपऱ्यातल्या कॉलमला. एल आकाराच्या इमारतीत दोन पंख निरनिराळे हलतात आणि आतला कोपरा तडकतो. त्यावर उपाय सोपा आहे: मध्ये पुरेशी फट सोडून दोन साध्या आयताकृती इमारती उभ्या करायच्या. दुर्दैवाने हा निर्णय नकाशाच्या पहिल्या कागदावरच घ्यावा लागतो आणि तेव्हा स्ट्रक्चरल इंजिनिअर अनेकदा टेबलावर नसतो.

भूकंपाच्या दुसऱ्या वर्षी, २००२ मध्ये, आयएस १८९३ या मानकाने दुबळ्या मजल्याचे कॉलम आणि बीम अडीचपट बलासाठी योजण्याचा पर्याय दिला. २०१६ च्या आवृत्तीने झोन तीन आणि त्यावरच्या झोनमधल्या मोकळ्या मजल्यांसाठी काँक्रीटच्या भिंतींचा रस्ता दाखवला: दोन्ही दिशांना, प्रत्येकी इमारतीच्या क्षेत्रफळाच्या दोन टक्के. वीस बाय वीस मीटरची इमारत धरा. ४०० चौरस मीटरचे दोन टक्के म्हणजे आठ चौरस मीटर. भिंत २०० मिलीमीटर जाड असेल, तर एका दिशेला ४० मीटर लांबी हवी, म्हणजे समोरासमोरच्या दोन बाजू पूर्ण व्यापतील एवढी. जाडी ३०० केली, तर २७ मीटर पुरतात. गाड्यांना वाट ठेवून हे बसवायचे, म्हणजे भिंती कडेला, सममितीने आणि पायापासून वरपर्यंत सलग घ्याव्या लागतात. माझ्या मते वास्तुविशारदाची खरी परीक्षा इथे आहे, दर्शनी बाजूच्या काचेत नव्हे.

जुन्या सोसायटीच्या सभासदांनी आधी स्टिल्टमध्ये उतरून पाहावे. कॉलम सगळे एकाच दिशेने चपटे आहेत का? वरचे काही कॉलम खाली न येता बीमवरच टेकले आहेत का? नंतर कोणी एका कोपऱ्यात दुकान किंवा वॉचमनची खोली बांधली आहे का? ती विटांची असेल, तर ताठरपणा एका बाजूला सरकला आणि पिळवटीची सोय झाली. एखादा कंत्राटदार फक्त कॉलम जाड करण्याचा अंदाज देतो. ताकद त्याने वाढते, पण वरच्या भिंतींच्या ताठरपणाशी बरोबरी होईलच असे नाही. त्यासाठी निवडक गाळ्यांत नवी काँक्रीटची भिंत लागते आणि तिच्याखाली नवा पायाही. अंदाजपत्रकात पायाची ओळ आहे का, हे त्यामुळे आधी तपासावे.