मशीन म्हणतं ३३

पेट्रोल पंपावर हवा भरणाऱ्या पोराला आपण "पुढे ३३, मागे ३३" असं सांगतो, मशीन बीप करतं आणि आपण निघतो. टायरमध्ये खरोखर ३३ पीएसआय गेली का, हे तपासण्याची सोय मात्र त्या मशीनमध्ये नसते. त्यासाठी दुसरा मापक लागतो, आणि त्यावर तरी किती विसंबायचं हा पुढचा प्रश्न.

काट्याच्या मापकात धनुष्यासारखी वाकवलेली एक पोकळ धातूची नळी असते. हवेचा दाब आला की ती किंचित सरळ होते आणि बारीक दातेरी चाकांमार्फत काटा फिरवते. मापक फरशीवर आपटला की ही नळी किंवा चाकं जागची हलतात. बऱ्याच मापकांत शून्यापाशी काटा अडवणारी छोटी खिळी असते. त्यामुळे बिघडलेला काटाही शून्यावर शहाण्यासारखा बसलेला दिसतो. आणखी एक गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाही. 'अचूकता २ टक्के' म्हणजे बहुधा पूर्ण डायलच्या २ टक्के. डायल १०० पीएसआयचा असेल तर चूक २ पीएसआयपर्यंत जाऊ शकते, मग तुम्ही ३० मोजा नाहीतर ८०. कारसाठी म्हणूनच ६० पर्यंतचा डायल बरा; ३३ त्याच्या मधल्या भागात येतं आणि काट्याचे मापक तिथेच सर्वांत भरवशाचे असतात.

डिजिटल मापकात दाब पडल्यावर विद्युत रोध बदलणारी सिलिकॉनची चिप असते. पडद्यावर ३२.४ दिसलं की माणूस निर्धास्त होतो, पण तो दशांश केवळ दाखवण्याची बारकाई आहे, खरेपणाची हमी नाही. काही मापक सुरू होताना भोवतालच्या हवेला शून्य धरतात. असा मापक व्हॉल्व्हवर लावून मग बटण दाबलं तर सगळंच गणित चुकतं. तो मोकळ्या हवेतच सुरू करावा. टायरच्या मापकांसाठी असलेल्या आंतरराष्ट्रीय वैधमापन शिफारशीत ४ बारपर्यंत ०.०८ बार, म्हणजे साधारण १.२ पीएसआय, इतकी चूक चालते. तेव्हा अर्ध्या पीएसआयवरून पंपावर भांडू नये.

आधी स्वतःचा मापक पारखा. सकाळी, गाडी हललेली नसताना, एकाच टायरवर तो तीन-चार वेळा लावा. आकडे अर्ध्या पीएसआयच्या आत राहिले तर मापक निदान एकवचनी आहे. खरा आहे की नाही ते मात्र यातून कळत नाही, कारण तो दर वेळी तेवढंच खोटं बोलत असू शकतो. म्हणून लगेच त्याच टायरवर ओळखीच्या टायरवाल्याचा किंवा शेजाऱ्याचा, शक्यतो वेगळ्या जातीचा मापक लावा. काट्याचा आणि डिजिटल असे दोन्ही जवळपास जुळले तर भरवसा वाढतो. हे कारच्या टायरवर करावं. स्कूटरच्या टायरमध्ये हवाच थोडी, दर मोजणीला फुस्स झालं की आकडा उतरत जातो. याहून पक्की खात्री हवी असेल तर मापक अंशशोधन प्रयोगशाळेत द्यावा लागतो. तिथे ठरावीक क्षेत्रफळाच्या दट्ट्यावर मोजलेली वजनं ठेवून दाब निर्माण करतात.

आता पंपाचं मशीन. समजा, दाराच्या खांबावरच्या पट्टीवर ३३ लिहिलंय आणि सकाळी थंड टायरमध्ये तुमचा मापक २९ दाखवतो. म्हणजे ४ कमी. तीन किलोमीटर चालवून पंपावर आलात, टायर तापले आणि तुमचाच मापक आता ३१ दाखवू लागला. लगेच मशीनची नळी लावली, तर पडद्यावर ३४. मशीन ३ जास्त दाखवतंय. त्याला ३३ चा आकडा दिला असता तर हवा भरणं दूरच, असलेली थोडी काढून त्याने बीप केलं असतं. तुम्हाला गरम टायरमध्ये ४ वाढवायची आहे, म्हणजे तुमच्या मापकावर ३५ हवेत. मशीनवर ३८ लावा. भरून झाल्यावर पुन्हा मोजा. फरक परत ३ च आला तर पुढच्या वेळी मनातल्या मनात ३ मिळवले की झालं. भरल्यावर तो ४-५ झाला तर चूक दाबासोबत वाढतेय, आणि तेव्हा आपल्या मापकावर बघूनच भरावं. टायर तापलेला असल्याने या तुलनेत बिघाड येत नाही, कारण दोन्ही मोजण्या एकाच वेळच्या आहेत. थंड टायर लागतो तो पट्टीवरच्या आकड्याशी ताडून बघायला.

फरक दर वेळी वेगळाच येत असेल तर आधी नोझलपाशी कान द्या. रबरी वॉशर झिजून सूं-सूं आवाज येत असेल तर मशीनला टायरचा नव्हे, गळत्या नळीतला दाब दिसतोय. जुन्या, हातात धरायच्या गनमध्ये तर खटका दाबलेला असताना काट्यावर नळीतलाच दाब येतो. खटका सोडून काटा स्थिर झाल्यावरचा आकडा वाचायचा.