लाल पडणाऱ्या चेहऱ्याची निगा

रोझेशियात गाल, नाक, हनुवटी आणि कपाळाचा मधला भाग वरचेवर तापतो आणि लाल होतो. त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या क्षुल्लक कारणाने रुंदावतात आणि पुढे लाली टिकूनच राहते. सावळ्या त्वचेवर ती चटकन दिसत नाही. तिथे चेहऱ्याची आग होणे आणि साधे क्रीमही झोंबणे यांकडे लक्ष द्यावे लागते. पुटकुळ्या उठल्या की मुरुमेच वाटतात, पण रोझेशियात ब्लॅकहेड्स नसतात.

अशा त्वचेला थोडकेच मानवते. चेहरा कोमट पाण्याने, साबणविरहित सौम्य क्लेन्झरने, बोटांच्या टोकांनी धुवावा आणि टॉवेलने न घासता टिपून घ्यावा. मग बिनवासाचे मॉइश्चरायझर, आणि दिवसा त्यावर किमान एसपीएफ ३०चे सनस्क्रीन. झिंक ऑक्साइडचे सनस्क्रीन बहुधा कमी झोंबते. त्याचा पांढरा थर खटकत असेल तर रंगछटा असलेले घ्यावे. बेसन-लिंबाचा लेप, स्क्रब, वाफ, मेन्थॉल किंवा कापूर असलेली क्रीम यांना मात्र पूर्ण रजा द्यावी. नवीन वस्तू एका वेळी एकच आणावी आणि आधी काही दिवस कानामागे लावून पाहावी. दोन एकदम सुरू केल्या, तर चेहरा कशाने चिडला हे कळायला मार्ग उरत नाही.

चेहरा कशाने भडकतो, हे ज्याचे त्याला शोधावे लागते. ऊन, उष्णता, तिखट, मद्य, मानसिक ताण ही नेहमीची कारणे, पण सगळी सगळ्यांना लागू पडत नाहीत. म्हणून काही आठवडे वहीत वेळ, खाणेपिणे, ऊन आणि लाली लिहावी. समजा, रोज सकाळी नऊच्या सुमारास गाल तापतात. त्याआधी पोळ्या लाटून झालेल्या असतात आणि गरम चहाही झालेला असतो. मग काही दिवस चहा कोमट करून प्यावा, बाकी सारे तसेच ठेवावे. फरक पडला नाही, तर पुढचे काही दिवस चहा पूर्वीसारखाच घेऊन शेगडीपाशी पंखा आणि उघडी खिडकी यांची सोय करावी. लाली आता कमी झाली, तर कारण शेगडीची धग असण्याचा संभव जास्त. चहा किंवा मिरची उगाच सोडायला नको.

सर्वांत मोठा धोका स्टेरॉइडयुक्त ‘गोरेपणाच्या’ क्रीमचा. मोमेटासोन, बीटामेथासोन अशी नावे त्यांच्या ट्यूबवर सापडतात. सुरुवातीला लाली ओसरते, पण वापर लांबला की त्वचा पातळ होते, आणि क्रीम थांबवताच चेहरा दुपटीने भडकतो. तेव्हा तेच क्रीम पुन्हा लावण्याचा मोह होतो. ते त्वचारोगतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच सोडावे.

निगा राखूनही पुटकुळ्या राहिल्या, तर डॉक्टर मेट्रोनिडाझोल, ॲझेलेइक ॲसिड किंवा आयव्हरमेक्टिन लावायला देतात. गुण यायला कित्येक आठवडे लागतात. डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपू लागले किंवा पापण्यांच्या कडा लाल झाल्या, तर नेत्रतज्ज्ञाकडे लवकर जावे, कारण रोझेशिया डोळ्यांतही उतरतो.