बेरजेत न आलेले तीनशे रुपये

छापील तक्ता स्कॅन करून त्यातले आकडे एक्सेलमध्ये आणताना वाचक सॉफ्टवेअर मुख्यतः अक्षराचा आकार पाहते. शून्य आणि मोठा ओ, एक आणि छोटा एल यांच्या आकारात फारसा फरक नसतो. पुसट छपाईत तर तो उरतच नाही. खरी अडचण पुढे येते. अक्षर शिरलेला आकडा एक्सेल मजकूर मानते आणि `SUM` त्याला मुकाट्याने वगळते. चूक झाल्याचा संदेश येत नाही, बेरीज तेवढी कमी येते.

समजा खर्चाच्या एका कागदावर १२५०, ३००, ४१५ आणि ६४० अशा रकमा आहेत आणि खाली एकूण २६०५ छापले आहे. स्कॅननंतर रकाना असा उतरला:

```
1250
3O0
4l5
l640
```

`SUM` चे उत्तर १२५० येते. खरे आकडे आपोआप उजवीकडे सरकतात, मजकूर डावीकडे राहतो. त्यामुळे रकान्याला मुद्दाम मधोमध मांडणी दिली नसेल तर नजरेलाही दोष दिसतो. लांब रकान्यासाठी शेजारी हे सूत्र ओढावे:

```
=ISNUMBER(B2)
```

जिथे `FALSE` येईल ती ओळ तपासायची. आकड्यामागे चिकटलेली मोकळी जागाही अशीच सापडते.

इथे सगळे ओ बदलून शून्य आणि एल बदलून एक करण्याचा मोह होतो. तसे केल्यावर बेरीज ३६०५ भरते, म्हणजे छापील एकूणापेक्षा बरोबर १००० जास्त. कारण शेवटच्या ओळीतला एल हा आकडा नव्हताच. तक्त्याची उभी रेघ अक्षर म्हणून वाचली गेली होती. म्हणून सरसकट बदल करण्याआधी संशयित ओळी मूळ कागदाशी ताडून पाहणे शहाणपणाचे.

एका आकड्याच्या जागी दुसराच आकडा वाचला गेला, तर मात्र `ISNUMBER` निरुपयोगी ठरते. तिथे छापील एकूणच कामी येते आणि फरकाची रक्कम बरेच काही सांगते. बेरीज ६० ने जास्त असेल तर दशकाच्या जागचा १ हा ७ वाचला गेल्याची शक्यता आधी तपासावी. ५०० ने जास्त असेल तर शतकातला ३ हा ८ झाला असेल. दोन चुका एकमेकींना कापत असतील तर हाही उपाय हुकतो.

बँकेच्या खातेउताऱ्यात ही सोय जास्त बारीक असते. मागच्या शिलकेतून नावे रक्कम वजा करून जमा मिळवली की त्या ओळीची शिल्लक यायला हवी, त्यामुळे गफलत नेमकी कोणत्या ओळीपाशी आहे ते कळते. खाते क्रमांकांच्या रकान्याची बेरीज नसते, पण शेजारच्या आयएफएससीत पाचवे चिन्ह नेहमी शून्यच असते. तिथे ओ दिसला, तर त्या पानावरचे खाते क्रमांकही कागद समोर ठेवून वाचावेत.