नकारांची बेरीज का होत नाही?

लेखांक ११

‘कोणीही कोणाला काहीही सांगितले नाही’ हा आशय रशियन भाषेत ‘निक्तो निकमू निचिवो नि स्कझाल’ अशा वाक्याने मांडला जातो, आणि त्यातील ‘स्कझाल’, म्हणजे ‘सांगितले’, हे क्रियापद सोडले तर उरलेले चारही शब्द नकारदर्शक आहेत. ‘निक्तो’, ‘निकमू’ आणि ‘निचिवो’ या तीन सर्वनामांच्या प्रारंभी नकाराचा उपसर्ग आहे, क्रियापदाआधीचा ‘नि’ हा वाक्याचा नकार आहे, आणि या चारांपैकी कोणत्याही शब्दातला नकार गाळता येत नाही. दोन नकार एकमेकांना खोडतात हा गणिताचा नियम येथे लावला, तर चार नकारांचे हे वाक्य होकारार्थी ठरावे. प्रत्यक्षात ते निखळ नकारार्थी आहे. सर्वनामांपैकी एक कमी करून नकारांची संख्या तीनवर आणली, तरी वाक्य नकारार्थीच राहते. संख्येच्या सम-विषमतेचा अर्थावर काहीच परिणाम होत नसेल, तर येथे आकडेमोड चाललेली नाही, हे उघड आहे.

या घटनेला या लेखात ‘नकार-मेळ’ म्हटले आहे. विल्यम लबॉव्ह या अमेरिकी भाषावैज्ञानिकाने 1972 मध्ये इंग्रजी व्याकरणावरील आपल्या प्रसिद्ध लेखाच्या शीर्षकातच या अर्थाची संज्ञा वापरली होती. मेळ हा शब्द मराठी व्याकरणाला परका नाही. ‘मोठी झाडे पडली’ या वाक्यात अनेकवचन विशेषण, नाम आणि क्रियापद या तीन ठिकाणी दिसते, पण त्यामुळे झाडांची संख्या तिप्पट होत नाही, कारण अनेकवचनाचा अर्थ एकाच ठिकाणचा असतो आणि इतर शब्द त्याची केवळ खूण वाहतात. रशियन सर्वनामे नकाराच्या बाबतीत हेच करतात, असे मानले की वरील वाक्यातील कोडे बरेचसे सुटते.

याच रशियनमध्ये खरा द्विनकारही आहे. ‘या नि मगू नि सग्लसीत्सा’ या वाक्याचा अर्थ ‘सहमत न होणे मला शक्य नाही’, म्हणजेच ‘सहमत व्हावेच लागते’, असा होतो. येथे दोन नकार दोन वेगळ्या क्रियांना लागले आहेत, ‘सहमत होणे’ ही क्रिया एका नकाराच्या कक्षेत आहे आणि ती नकारलेली क्रिया पुन्हा दुसऱ्या नकाराच्या कक्षेत येते, म्हणून ते एकमेकांना खोडतात. मराठीतील ‘तो आल्यावाचून राहणार नाही’ किंवा ‘मला माहीत नाही असे नाही’ ही रचना याच जातीची आहे. तेव्हा द्विनकार आणि नकार-मेळ यांतील भेद भाषेभाषेत वाटून दिलेला नसून, एकाच भाषेत दोन्ही नांदू शकतात.

इटालियनमध्ये मेळाचे रूप थोडे वेगळे आहे. ‘कोणीही फोन केला नाही’ हे सांगताना ‘नेस्सूनो’, म्हणजे ‘कोणीही नाही’ या अर्थाचा शब्द, क्रियापदानंतर आला तर त्याआधी ‘नोन’ हा नकार घालावाच लागतो: ‘नोन आ तेलेफोनातो नेस्सूनो’. तोच शब्द क्रियापदाआधी आला की ‘नोन’ नको असतो: ‘नेस्सूनो आ तेलेफोनातो’. रशियनमध्ये असा भेद नाही. सर्वनाम कोठेही असो, क्रियापदाचा नकार अनिवार्यच असतो. म्हणून रशियनसारख्या भाषांना काटेकोर मेळाच्या आणि इटालियन, स्पॅनिश यांना शिथिल मेळाच्या भाषा म्हणतात. इटालियन आणि स्पॅनिश यांची पूर्वज असलेली लॅटिन मात्र मेळाची भाषा नव्हती: तिच्यात ‘नेमो नोन’ म्हणजे ‘प्रत्येकजण’ आणि ‘नोन नेमो’ म्हणजे ‘कोणीतरी’. नकारांचा क्रम बदलला की अर्थ बदलतो, ही खऱ्या द्विनकाराची खूण.

मराठी वाचकाला येथे शंका येईल की ‘कोणीही, कोणाला, काहीही, नाही’ हासुद्धा मेळच नव्हे काय. ‘ही’ लागलेली सर्वनामे नकारार्थी नाहीत हे सहज दाखवता येते, कारण ‘कोणीही येऊ शकते’ हे वाक्य होकारार्थी आहे. ‘कोणीच’चे प्रकरण जास्त सूक्ष्म आहे. ‘कोणीच आले नाही’ हे वाक्य चालते, ‘कोणीच आले’ चालत नाही, म्हणजे हा शब्द नकाराला बांधलेला आहे. पण बांधलेला असणे आणि स्वतः नकारार्थी असणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, आणि त्या ओळखण्याची परीक्षा सोपी आहे: प्रश्नाला एका शब्दात उत्तर द्यावे. ‘कोण आले?’ या प्रश्नावर रशियन माणूस नुसते ‘निक्तो’ आणि इटालियन माणूस नुसते ‘नेस्सूनो’ म्हणतो, आणि ‘कोणीही नाही’ हा अर्थ पूर्ण होतो. मराठीत नुसत्या ‘कोणीच’ने हे काम भागत नाही, ‘कोणीच नाही’ असेच म्हणावे लागते. या कसोटीवर मराठीची ही रचना मेळाची ठरत नाही. नकार येथे ‘नाही’मध्येच राहतो.

हीच परीक्षा मेळाच्या उपपत्तीलाही अडचणीत आणते. ‘नेस्सूनो’ जर केवळ नकाराची खूण वाहणारा शब्द असेल, तर एकटा उच्चारल्यावर त्याच्यात नकार येतो कोठून? डच भाषावैज्ञानिक हेडे झेइल्स्ट्रा यांनी 2004 च्या आपल्या प्रबंधात मेळाची बाजू मांडली: असे शब्द अर्थाने नकारार्थी नसून, ते वाक्यातील एका प्रत्यक्ष किंवा अदृश्य नकाराशी जुळतात. या मतानुसार एकशब्दी उत्तरात न उच्चारलेला नकार गृहीत धरावा लागतो. दुसरा पक्ष म्हणतो की हे शब्द खरोखरच नकारार्थी असतात, पण वाक्याचा अर्थ लावताना ते एकत्र विलीन होऊन एकच नकार बनतो. या पक्षाला फ्रेंचचा आधार मिळतो. ‘पेर्सोन नेम पेर्सोन’ या वाक्याचे ‘कोणीही कोणावर प्रेम करत नाही’ आणि ‘कोणावरच प्रेम करत नाही असा कोणीही नाही’ असे दोन्ही अर्थ होऊ शकतात. नकार विलीन झाले तर पहिला अर्थ, वेगळे राहिले तर दुसरा. नुसत्या खुणा असत्या, तर दुसरा अर्थ निघायला नको होता. निकाल एका बाजूने लागलेला नाही, आणि सर्व भाषांना एकच उपपत्ती लागू पडावी असा आग्रह धरण्याचे कारणही दिसत नाही.

इंग्रजीत मेळ ‘चुकीचा’ ठरवण्याचे खापर बहुधा बिशप रॉबर्ट लोथ यांच्यावर फोडले जाते. त्यांच्या 1762 च्या व्याकरणाच्या पुढच्या आवृत्तीत दोन नकार एकमेकांना नष्ट करतात असा नियम आहे. हा आरोप अर्धवट आहे. चौदाव्या शतकातील चॉसर एका वाक्यात चार-चार नकार निःसंकोच वापरतो हे खरे, पण लोथ यांच्या काळापर्यंत सुशिक्षितांच्या लेखनातून मेळ जवळजवळ गेलेला होता, आणि लोथ यांच्याआधी 1711 मध्ये जेम्स ग्रीनवुड यांनीही तसाच नियम लिहिला होता. व्याकरणकारांनी प्रचलित वळणाला तर्कशास्त्राचे कारण चिकटवले, इतकेच. बोलींत मेळ टिकून राहिला, आणि तेथील बोलणाऱ्यांना त्याचा अर्थ लावताना कधी अडचण पडलेली नाही. दोन नकारांनी होकार सुचवायचा असेल, तर ते दुसऱ्या नकारावर ठळक आघात देतात.

‘तो येत नाही तोपर्यंत थांबा’ या मराठी वाक्यातील ‘नाही’ द्विनकार आणि नकार-मेळ या दोन्ही वर्गांत बसत नाही. त्याचा विचार पुढील लेखांकात येईल.