घरचे कंडेन्स्ड मिल्क: एका डब्याचा हिशोब

टोकियोतल्या कोतो भागात, विशेषतः ओजिमाच्या आसपास, भारतीय कुटुंबांची बरीच वस्ती आहे. दिवाळीत नारळाच्या वड्या करायच्या, तर पाककृती म्हणते ‘एक डबा कंडेन्स्ड मिल्क’. जपानी सुपरमार्केटात मात्र बहुधा स्ट्रॉबेरीवर पिळायच्या 120-130 ग्रॅमच्या ट्यूब मिळतात. एका डब्यासाठी तीन लागतात. मग दूध पावडर, साखर आणि बटर घेऊन ते घरीच केले जाते. ते बिघडते तेव्हा बहुतेक वेळा पुढच्यापैकी एखादा गैरसमज त्यामागे असतो.

गैरसमज: कोणत्याही कपाने मोजले तरी चालते, प्रमाण तेवढे सांभाळायचे.

वस्तुस्थिती: प्रमाण जुळेल, डबा जुळणार नाही. सगळीकडे फिरणारी कृती अशी: 1 कप पावडर, 2/3 कप साखर, 1/3 कप उकळते पाणी, 3 मोठे चमचे बटर. यातला कप अमेरिकी, 240 मिलिलिटरचा. जपानी मापाचा कप 200 मिलिलिटरचा असतो आणि राइस कुकरबरोबर येणारा 180 चा. अमेरिकी कपाने साधारण 375 ग्रॅम होते, जपानी कपाने 320 च्या आसपास, कुकरच्या कपाने तीनशेच्याही आत. वड्यांचे मिश्रण कोरडे पडते आणि कापताना भुगा होतो. त्यातून पावडर दाणेदार, चटकन विरघळणारी असेल तर ती फुगलेली असते; एका कपात बारीक पावडरीच्या जवळपास निम्मीच बसते. जपानी पांढरी साखर, जोहाकुतो, ओलसर असते. दाबली की जास्त मावते. म्हणून कप बाजूला ठेवून वजनकाटा घ्यावा.

एका 397 ग्रॅमच्या डब्याइतके व्हायला:

- स्किम मिल्क पावडर 90 ग्रॅम
- साखर 180 ग्रॅम
- बिनमिठाचे बटर 40 ग्रॅम
- पाणी 95 ग्रॅम

बेरीज 405. थोडी वाफ जाते, थोडे भांड्याला राहते, उरते ते डब्याइतके. भारतातले डबे साधारण 380 ते 400 ग्रॅमचे, म्हणजे त्यांनाही हे चालते.

गैरसमज: बटर फक्त चवीला.

वस्तुस्थिती: स्किम पावडरीतली साय काढलेली असते, बटर तीच परत आणते. आंतरराष्ट्रीय मानकानुसार साध्या कंडेन्स्ड मिल्कमध्ये दुधाची स्निग्धता किमान 8 टक्के लागते. 40 ग्रॅम बटरमध्ये ती 32-33 ग्रॅम असते, आणि 397 चे 8 टक्के काढले तर तेवढेच येते. बटर गाळले तर नुसता गोड, पातळसर पाक हाती येतो. हलाल दुकानातली फुल क्रीम पावडर मिळाली तर बटर लागत नाही: पावडर 120, साखर 180, पाणी 100 ग्रॅम. कॉफीत घालायची क्रीम पावडर बहुधा वनस्पती तेलाची असते, आणि बाळांच्या दुधाची घडणच वेगळी. दोन्ही इथे नकोत.

गैरसमज: दाट होईपर्यंत आटवायचे.

वस्तुस्थिती: पाणी आधीच मोजून घातले आहे, आटवायला काही उरत नाही. साखर पाण्यात गरम करून पूर्ण विरघळवा, गॅस बंद करून बटर वितळवा. पाक थोडा निवला की पावडर घाला. उकळत्या पाकात तिच्या गुठळ्या होतात. मग ब्लेंडरमध्ये गुळगुळीत फिरवा, झाकणातून वाफेला वाट ठेवून. गरम असताना ते पातळच दिसते. फ्रिजमध्ये रात्रभर राहिले की दाट होते. गरम असतानाच दाट दिसावे म्हणून उकळत बसलात, तर निवल्यावर टॉफी होते. शंका आली तर वजन करा: चारशेच्या आसपास भरले की झाले.

गैरसमज: दोन-तीन दिवसांनी जिभेला रवाळ लागले, म्हणजे साखर विरघळली नव्हती.

वस्तुस्थिती: बहुधा ती दुधातली साखर, लॅक्टोज असते. 90 ग्रॅम पावडरीत ती पंचेचाळीस-सत्तेचाळीस ग्रॅम असते, आणि थंड झाल्यावर एवढ्या पाण्यात सगळी विरघळलेली राहू शकत नाही. कारखान्यात निवताना लॅक्टोजची बारीक पूड मिसळतात. त्यामुळे स्फटिक असंख्य पण जिभेला न कळण्याइतके सूक्ष्म होतात. घरी ते मोठे होतात. ते खराब नव्हे. वड्यांसाठी गरम केले की विरघळते. नुसते चाटायचे असेल तर लवकर संपवावे.

गैरसमज: साखर निम्मी केली तरी टिकेल.

वस्तुस्थिती: डबा टिकतो तो साखरेमुळे आणि स्वच्छ, हवाबंद भरण्यामुळे. वरच्या मापात साखर आणि पाणी मिळून जे होते, त्यात साखर साधारण 65 टक्के असते. इतक्या घट्ट पाकात बहुतेक जंतू वाढत नाहीत. साखर निम्मी केली की हा आकडा पन्नासच्या खाली येतो आणि उरते ते नुसते गोड दाट दूध, दोन-तीन दिवसांत वापरायचे. पूर्ण साखरेचेही घरी हवाबंद झालेले नसते. उकळत्या पाण्याने धुऊन कोरड्या केलेल्या बरणीत, फ्रिजमध्ये, आठवडाभरात संपवावे. आंबूस वास, बुडबुडे किंवा बुरशी दिसली तर वरचे काढून खालचे वापरू नये, सगळे टाकावे.